बेटिंग स्लिप ओळीओळीने कशी वाचायची: स्टेक, बेटचा प्रकार, एकत्रित ऑड्स आणि संभाव्य परतावा

बेटिंग स्लिपवरचा सगळ्यात ठळक आकडा तळाशी असतो, तो म्हणजे संभाव्य परतावा. नवीन माणसाची नजर आधी तिथेच जाते. पण हा आकडा वरच्या तीन गोष्टींवरून काढलेला असतो: पैज नेमकी कशावर आहे, ती कोणत्या प्रकारची आहे आणि किती रक्कम लावली आहे. यातलं काहीही चुकलं, तर खालचा आकडा तुम्हाला वाटतो त्या गोष्टीचा राहत नाही. म्हणून स्लिप वरून खाली वाचायची आणि शेवटचा आकडा स्वतः काढून बघायचा. त्यासाठी गुणाकार यायला हवा, बाकी काही नाही.

आपण एकच स्लिप शेवटपर्यंत समोर ठेवू. नावं मुद्दाम टाळली आहेत आणि रक्कम कोणत्याही चलनातली समजा.

```
प्रकार: ट्रेबल (३ निवडी)

१) फुटबॉल: यजमान वि. पाहुणे
   बाजार: सामन्याचा निकाल (निर्धारित वेळ)
   निवड: यजमान विजयी             १.८०

२) टेनिस: खेळाडू क वि. खेळाडू ख
   बाजार: सामना विजेता
   निवड: खेळाडू क                १.५०

३) क्रिकेट, टी-२०: संघ च वि. संघ छ
   बाजार: पहिल्या डावातील एकूण धावा
   निवड: १६०.५ पेक्षा जास्त      २.१०

स्टेक                    १००.००
एकत्रित ऑड्स               ५.६७
संभाव्य परतावा           ५६७.००
```

वेगवेगळ्या ठिकाणी मांडणी बदलते, लेबलंही थोडीफार बदलतात. कुठे ‘ट्रेबल’ऐवजी ‘मल्टी’ किंवा ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ लिहितात, कुठे संभाव्य परताव्याला ‘पोटेन्शियल रिटर्न्स’ किंवा ‘टु रिटर्न’ म्हणतात. मजकूर मात्र हाच असतो.

आधी बघा: पैज लागली आहे का?

रक्कम टाकायच्या आधी स्क्रीनवर दिसते ती स्लिप म्हणजे नुसता मसुदा. तुम्ही निवडी जमवत असता तेवढ्या वेळात ऑड्स, म्हणजे प्रत्येक निवडीपुढे लिहिलेला भाव, हलू शकतात. पैज स्वीकारली गेली की तिला क्रमांक मिळतो, शेजारी तारीख आणि वेळ येते. तो क्रमांक आला म्हणजेच पैज लागली. त्याच्याआधी दिसलेल्या १.८० ला काही अर्थ नाही, स्वीकारलेल्या स्लिपवर १.७५ छापून आला असेल तर तोच तुमचा भाव. अनेक ठिकाणी ‘ऑड्समधले बदल आपोआप स्वीकारा’ अशी सेटिंग असते. ती चालू असेल तर बदललेला भाव तुम्हाला न विचारताच लागू होतो. माझ्या मते नवीन माणसाने ती बंदच ठेवावी. भाव बदलला की स्लिप थांबून विचारते आणि तेवढ्यात वाचायला वेळ मिळतो.

निवडीच्या ओळी: कोण जिंकणार, यापेक्षा जास्त काही लिहिलेलं असतं

प्रत्येक निवडीत तीन भाग असतात: सामना, बाजार म्हणजे त्या सामन्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीवर पैज आहे ते, आणि तुमची बाजू. बहुतेक जण सामना आणि बाजू वाचतात आणि मधली बाजाराची ओळ सोडून देतात. वाद तिथेच होतात.

पहिली निवड बघा. ‘सामन्याचा निकाल, निर्धारित वेळ’ म्हणजे फुटबॉलची ९० मिनिटं आणि पंचांनी वाढवून दिलेली भरपाईची वेळ. बाद फेरीचा सामना ९० मिनिटांनंतर १-१ असेल आणि यजमान संघ जादा वेळेत जिंकला, तर पुढच्या फेरीत यजमान गेले हे खरं, पण या पैजेसाठी निकाल बरोबरीचा आणि निवड हरलेली. पुढच्या फेरीत कोण जाणार यावरचा बाजार वेगळा असतो आणि त्याचा भावही वेगळा असतो.

दुसऱ्या निवडीत प्रश्न येतो खेळाडूने सामना अर्धवट सोडला तर काय, हा. काही ठिकाणी अशी पैज रद्द धरतात, तर काही ठिकाणी एक सेट पूर्ण झालेला असेल तर पुढच्या फेरीत गेलेल्या खेळाडूला विजेता मानतात. स्लिपवर हे लिहिलेलं नसतं, त्या त्या खेळाच्या नियमांत असतं. टेनिसवरची निवड घेण्याआधी तो एक नियम वाचून ठेवावा.

तिसऱ्या निवडीतला अर्धा विचारपूर्वक ठेवलेला आहे. धावा अर्ध्या होत नाहीत, त्यामुळे १६०.५ ची रेषा असली की १६० म्हणजे हरलं आणि १६१ म्हणजे जिंकलं, बरोबरीला जागाच उरत नाही. रेषा नुसती १६० असती तर बरोबर १६० धावांवर बहुधा स्टेक, म्हणजे लावलेली रक्कम, परत मिळाला असता. शिवाय पावसामुळे षटकं कमी झाली तर एकूण धावांवरच्या पैजा बऱ्याचदा रद्द होतात, कारण ज्या वीस षटकांवर भाव ठरला होता ती खेळलीच गेली नाहीत.

बेटचा प्रकार: किती पैजा आहेत?

प्रकाराच्या ओळीतून एकच गोष्ट काढायची: ही एक पैज आहे की अनेक पैजांचा गठ्ठा?

सिंगल म्हणजे एक निवड, एक पैज. डबलमध्ये दोन निवडी असतात, ट्रेबलमध्ये तीन, आणि त्यापुढच्यांना साधारणपणे अ‍ॅक्युम्युलेटर म्हणतात. निवडी कितीही असोत, पैज एकच असते आणि सगळ्या निवडी बरोबर आल्या तरच पैसे मिळतात. आपल्या स्लिपवरच्या तीनपैकी दोन बरोबर आल्या आणि धावा १५८ वर थांबल्या, तर परतावा शून्य. ‘थोडक्यात हुकलं’ याला स्लिपवर किंमत नाही.

गठ्ठा असेल तर हिशोब पार बदलतो. याच तीन निवडींवर ‘ट्रिक्सी’ लावता येते. ट्रिक्सीत तीन डबल आणि एक ट्रेबल अशा चार स्वतंत्र पैजा असतात. त्यात तीन सिंगल मिळवले की सात पैजांचं ‘पेटंट’ होतं. चार निवडींचं ‘यँकी’ अकरा पैजांचं असतं, ‘लकी १५’ पंधरा पैजांचं. ही नावं पाठ करायची गरज नाही, पैजांची संख्या बघायची. स्लिपवर ती ‘४ बेट्स’ किंवा ‘४ × १००’ अशी कुठेतरी लिहिलेली असते.

स्टेक: प्रत्येक पैजेचा की एकूण?

स्टेक म्हणजे तुम्ही लावलेली रक्कम. सिंगल किंवा ट्रेबलमध्ये त्यात काहीच गोंधळ नाही, १०० लावले म्हणजे खात्यातून १०० गेले. गठ्ठ्यात मात्र दोन आकडे असतात. एक प्रत्येक पैजेचा स्टेक, दुसरा एकूण स्टेक. चौकटीत तुम्ही टाकता तो बहुतेक वेळा पहिला असतो. ट्रिक्सीच्या चौकटीत १०० लिहिले तर खात्यातून ४०० जातात. एकूण १०० च घालवायचे असतील तर चौकटीत २५ लिहायला हवेत.

घोड्यांच्या शर्यतींत ‘ईच-वे’ असा एक पर्याय असतो, तिथेही हेच होतं. एक पैज घोडा जिंकण्यावर आणि दुसरी तो ठरावीक क्रमांकांत येण्यावर, म्हणून स्टेक दुप्पट. कबूल करायचं बटण दाबण्याआधी ‘एकूण स्टेक’ ही ओळ शोधून वाचा. आपण मनात धरलेली रक्कम आणि ही ओळ जुळली नाही, तर चूक बहुतेक इथेच असते.

आता ट्रिक्सीचा हिशोब जरा जवळून बघू, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच चकतो. प्रत्येक पैजेला १०० लावले, एकूण ४०० गेले. पहिली आणि तिसरी निवड बरोबर आली, टेनिसची हरली. चार पैजांपैकी ज्या ज्या पैजेत टेनिस आहे ती प्रत्येक पडली. उरला एकच डबल: १.८० × २.१० = ३.७८, म्हणजे ३७८ परत. स्लिपवर हिरव्या रंगात ‘जिंकली’ आणि ३७८.०० असं दिसतं. पण गेले होते ४००. तीनपैकी दोन अंदाज बरोबर येऊनही २२ चा तोटा आहे. पहिली आणि दुसरी बरोबर आली असती तर २७० मिळाले असते, दुसरी आणि तिसरी असती तर ३१५. या भावांना कोणत्याही दोन निवडी बरोबर आल्या तरी लावलेले पैसे पूर्ण परत येत नाहीत. तिन्ही बरोबर आल्या तरच फायदा होतो, तेव्हा परतावा १५३० आणि नफा ११३०. स्लिपवर ठळक छापलेला आकडा मात्र फक्त १५३० असतो.

एकत्रित ऑड्स: बेरीज नाही, गुणाकार

दशांश ऑड्स म्हणजे लावलेल्या प्रत्येक एकामागे जिंकल्यास एकूण किती परत येईल तो आकडा, स्टेक धरून. १.८० म्हणजे १०० चे १८०, त्यातले १०० तुमचेच आणि ८० नफा.

ट्रेबलमध्ये एका निवडीतून आलेली पूर्ण रक्कम पुढच्या निवडीवर लागते, म्हणून ऑड्सचा गुणाकार होतो. १०० चे फुटबॉलवर १८० झाले. ते १८० टेनिसवर लागले, १.५० ने २७० झाले. ते २७० क्रिकेटवर लागले, २.१० ने ५६७ झाले. एका ओळीत मांडलं तर १.८० × १.५० × २.१० = ५.६७. स्लिपवरचा एकत्रित ऑड्स हाच आणि निवडी कोणत्याही क्रमाने गुणल्या तरी उत्तर बदलत नाही.

काही ठिकाणी ऑड्स अपूर्णांकात दिसतात. तीच स्लिप तिथे ४/५, १/२ आणि ११/१० अशी असेल. अपूर्णांकात फक्त नफा मोजलेला असतो, स्टेक धरलेला नसतो. ४/५ म्हणजे पाच लावले तर चार नफा. म्हणून हे अपूर्णांक थेट गुणायचे नाहीत. तसं केलं तर ०.४४ असं निरर्थक उत्तर येतं. आधी भागाकार करा, त्यात १ मिळवा, मग गुणा. ४/५ म्हणजे ०.८०, १ मिळवून १.८०. तिसरी पद्धत अमेरिकी: −१२५, −२०० आणि +११०. उणे चिन्ह असेल तर १०० नफ्यासाठी किती लावावे लागतील ते लिहिलेलं असतं, अधिक चिन्ह असेल तर १०० वर किती नफा मिळेल ते. १०० भागिले १२५ म्हणजे ०.८०, पुन्हा १.८० च. नवीन असाल तर सेटिंगमध्ये जाऊन दशांश पद्धत निवडा आणि तिथेच राहा, गुणाकार करायला तीच सोपी.

तुमचा गुणाकार आणि स्लिपवरचा आकडा जुळला नाही तर दोन साध्या शक्यता असतात. पहिली, पूर्णांकन. १.८३ × १.९१ = ३.४९५३ होतात. स्लिपवर ३.५० दिसेल, पण १०० वर परतावा ३४९.५३ च येईल. हा फरक किरकोळ असतो. दुसरी शक्यता मोठी आहे. सगळ्या निवडी एकाच सामन्यातल्या असल्या तर साधा गुणाकार लागू होत नाही. यजमान जिंकणार आणि यजमानांचा आघाडीचा खेळाडू गोल करणार, या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, एक घडली की दुसरीची शक्यता वाढते. अशा पैजेला एकच तयार ऑड्स दिलेला असतो आणि तो सहसा गुणाकारापेक्षा कमी असतो. तो तुम्हाला स्वतः पडताळता येत नाही, ही त्या प्रकाराची मोठी उणीव आहे.

संभाव्य परतावा: नफा नव्हे

१०० × ५.६७ = ५६७. यात तुमचे १०० धरलेले आहेत, म्हणजे नफा ४६७. स्लिपवर ‘परतावा’ लिहिलं आहे की ‘नफा’, हे दर वेळी बघा.

फ्री बेट, म्हणजे स्वतःचे पैसे न घालता बक्षीस म्हणून मिळालेली पैज असेल, तर बहुतेक ठिकाणी स्टेक परत मिळत नाही. याच स्लिपवर १०० ची फ्री बेट लावली तर खात्यात ५६७ नाही, ४६७ येतात. मोठ्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये जास्तीत जास्त किती पैसे दिले जातील याचीही मर्यादा नियमांत असते. गुणाकार त्या मर्यादेपुढे गेला तरी मिळते ती मर्यादेइतकीच रक्कम.

आता ‘संभाव्य’ या शब्दाकडे येऊ. किती संभाव्य, हे स्लिप सांगत नाही, पण ऑड्सवरून अंदाज काढता येतो. १ ला ऑड्सने भागा. १ ÷ ५.६७ म्हणजे साधारण १७.६ टक्के. म्हणजे भाव पूर्ण प्रामाणिक धरला तरी अशा सहा स्लिपांमागे एखादीच जिंकणार. आणि भाव पूर्ण प्रामाणिक नसतो, कारण त्यात बुकमेकरचा, म्हणजे पैजा घेणाऱ्याचा, हिस्सा धरलेला असतो.

तो हिस्सा बघायला सोपं उदाहरण घ्या. अगदी समसमान शक्यतेच्या दोन बाजू आहेत. खरा भाव दोन्हीकडे २.०० हवा, पण मिळतो १.९०. १०० ची सिंगल लावली तर दीर्घकाळात सरासरी ९५ परत येतात, पाच बुकमेकरकडे राहतात. अशा तीन निवडींचं ट्रेबल केलं तर १.९० तीनदा गुणून ६.८५९ होतात, खरा भाव मात्र २ × २ × २ = ८ असायला हवा. १०० मागे सरासरी परतावा ८५.७४ वर येतो. ऑड्स गुणले जातात तसा बुकमेकरचा हिस्साही निवडीगणिक साचत जातो. एकत्रित ऑड्स जितका मोठा आणि आकर्षक दिसतो, तितका तुमच्या विरुद्धचा फरकही मोठा. मला वाटतं पहिली पैज लावण्याआधी प्रत्येकाने हा गुणाकार एकदा हाताने करून बघावा. निवडी वाढवून तोटा भरून काढण्याची कल्पना त्यातच निकालात निघते.

निकाल लागल्यावर स्लिप पुन्हा वाचा

सामने संपले की प्रत्येक निवडीपुढे जिंकली, हरली किंवा रद्द असं येतं. एक निवड हरली की ट्रेबल संपलं. रद्द झालेली निवड मात्र पैज संपवत नाही, तिचा ऑड्स १ धरतात. टेनिसचा सामना झालाच नाही आणि बाकी दोन जिंकल्या, तर १.८० × १ × २.१० = ३.७८, म्हणजे ५६७ ऐवजी ३७८ मिळतात. ट्रेबलचं आता डबल झालं आहे. आकडा कमी आला म्हणून फसवणूक झाली असं समजण्याआधी एखाद्या निवडीपुढे ‘रद्द’ आहे का ते बघा.

मध्येच ‘कॅश आउट’ची, म्हणजे निकालाआधीच पैज सोडल्यास मिळणारी, रक्कम दिसू लागते. समजा पहिल्या दोन निवडी जिंकल्या, तिसरा सामना सुरू व्हायचा आहे आणि त्या निवडीचा भाव अजून २.१० आहे. संभाव्य परताव्याला चालू भावाने भागा: ५६७ ÷ २.१० = २७०. तुमच्या पैजेची आत्ताची किंमत या आकड्याच्या आसपास आहे. देऊ केलेली रक्कम २४५ असेल, तर आत्ता बाहेर पडण्यासाठी २५ मोजावे लागत आहेत, हे उघड झालं. कॅश आउट घेतलं की पैज तिथेच बंद होते, नंतर तिन्ही निवडी जिंकल्या तरी काही मिळत नाही.

हिशोब जुळत नसेल तर बेट क्रमांक, प्रत्येक निवडीचा बाजार आणि तुमचा गुणाकार लिहून तक्रार करा. ‘मला कमी पैसे मिळाले’ एवढ्यावर उत्तर मिळायला वेळ लागतो. ‘निवड २ रद्द धरली आहे, पण सामना पूर्ण झाला, निकाल हा, म्हणून परतावा ५६७ हवा’ असं लिहिलं की नेमकं कुठे बघायचं ते समोरच्याला कळतं. परवानाधारक ठिकाणी या तक्रारीच्या वर दाद मागायची सोय असते. पैज लावणं कायदेशीर आहे की नाही हे देशागणिक बदलतं. जिथे ते बेकायदेशीर आहे किंवा समोरच्याकडे परवानाच नाही, तिथे स्लिप कितीही अचूक वाचली तरी ती दाखवून पैसे मागायला कुठे जाता येत नाही.